वजन उतरत असताना कपड्यांचे काय करावे: कोणते ठेवावेत, कोणते आत घ्यावेत आणि कोणते बदलावेत

वजन कमी होऊ लागले की कपडे सैल होतात आणि मग हमखास दोनपैकी एक गोष्ट घडते. कोणी उत्साहाच्या भरात सगळे कपडे एकदम आत घेऊन टाकतो आणि दोन महिन्यांनी तेच कपडे पुन्हा अंगावर लोंबू लागतात. कोणी सैल झालेले कपडे काढून टाकून नवे घेतो आणि नव्यांचीही थोड्याच दिवसांत तीच गत होते. मी कपडे दुरुस्त करण्याचे काम बरीच वर्षे करते. माझ्या अनुभवात नुकसान होते ते बहुधा निर्णय चुकीच्या वेळी घेतल्यामुळे, कारण शरीराचे माप अजून चालते असताना माणूस ते ठरलेले आहे असे समजून कापडाला कात्री लावतो. म्हणून या लेखात माप काही महिन्यांत हळूहळू कमी होत आहे, एवढ्याच एका परिस्थितीचा विचार केला आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. आहारात किंवा व्यायामात काहीही बदल न करता कपडे आपोआप सैल होत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जावे. सहा महिने ते वर्षभराच्या काळात मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन विनाकारण उतरणे हे तपासणी करून घेण्याचे कारण मानले जाते, आणि अनेकांच्या लक्षात ते प्रथम कंबरेच्या पट्ट्यावरूनच येते.

पहिली पायरी: शरीराचे माप आणि त्याचा वेग

दर पंधरा दिवसांनी, सकाळी, काही खाण्यापूर्वी चार मापे घ्यावीत: छाती, कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग आणि मांडी. कंबरेचे माप नाभीच्या अंदाजाने घेऊ नये, कारण पोट उतरले की नाभीची जागाही किंचित बदलते. सर्वांत खालची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर टेप धरावी, नेहमीसारखा श्वास सोडावा आणि टेप न आवळता आकडा वाचावा. संध्याकाळी घेतलेले माप सकाळपेक्षा जास्त भरते आणि मासिक पाळीच्या आसपासही फुगवट्यामुळे फरक पडतो. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्याला महत्त्व न देता सलग चार-सहा नोंदी पाहाव्यात.

या नोंदींतून खरे जाणून घ्यायचे असते ते वेग. कंबर महिन्याला एक इंच उतरत असेल, तर आज नीट बसणारी पँट दोन महिन्यांत ढगळ होणार हे उघड आहे, आणि अशा वेळी तिच्यावर केलेले काम दोन महिन्यांपुरतेच ठरते. वेग महिन्याला पाव इंचावर आला असेल, तर तेच काम वर्षाच्या मोठ्या भागाला पुरते. पँट साधारण किती फरक सोसते, याचा माझा ढोबळ हिशेब असा आहे: कंबरपट्टी शरीरापेक्षा अर्धा इंच मोठी असली की पँट नीट बसते, आणि दोन-अडीच इंच मोठी होईपर्यंत ती पट्ट्याने चालून जाते. त्यापुढे पट्ट्याखाली चुण्या गोळा होतात आणि पँट मागे फुगते. म्हणजे कोणत्याही पँटच्या वाट्याला सुमारे दोन इंचांचा प्रवास येतो. वेगाने या दोन इंचांना भागले की तिचे उरलेले महिने कळतात.

दुसरी पायरी: कपड्याचे स्वतःचे माप

लेबलवरच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. एकाच आकड्याच्या दोन पँटींच्या कंबरेत इंच-दीड इंचाचा फरक सर्रास आढळतो. कपडा आधी धुऊन, वाळवून घ्यावा, कारण सुती कापड धुण्यात आटते आणि न धुता आत घेतलेला कपडा नंतर घट्ट होण्याची शक्यता असते. मग तो टेबलावर सपाट पसरावा, सुरकुत्या हाताने सारख्या कराव्यात, पण कापड ताणू नये. शर्टाचे माप काखेच्या एक इंच खाली आडवे घ्यावे आणि दुप्पट करावे. पँटची चेन व बटण लावून कंबरपट्टीच्या दोन्ही कडा जुळवाव्यात आणि तिचेही माप दुप्पट करावे.

कपड्याचे माप वजा शरीराचे माप म्हणजे त्या कपड्यातली मोकळीक. साध्या, न ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीवर चार ते पाच इंच मोकळीक लागते, नाहीतर हात पुढे करताना पाठीवर ताण येतो. पँटला नितंबांवर दोन ते तीन इंच पुरतात. यापेक्षा जास्त भरणारी मोकळीक हा तुमच्या कपड्यातला खरा जादा भाग होय, आणि पुढचे सगळे निर्णय याच आकड्यावर घ्यायचे असतात. टीशर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कपड्यांचा हा हिशेब करत बसण्याची गरज नसते. ते बराच काळ तसेच चालतात, आणि आत घ्यायचेच झाले तर साध्या सरळ टिपेने घेऊ नयेत, कारण कापड ताणले की ती टीप तटकन तुटते. त्यांना ओव्हरलॉकची शिलाईच हवी.

तिसरी पायरी: खांदा आणि आसन

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. कपड्यात दोन जागा अशा असतात की त्या चुकल्या तर बाकी काहीही दुरुस्त करून उपयोग होत नाही: वरच्या कपड्यात खांदा आणि खालच्या कपड्यात आसन, म्हणजे जिथे दोन्ही पायांच्या शिलाया एकत्र येतात तो भाग.

खांद्याची रुंदी मुख्यतः हाडांवर ठरते. पोट चार इंच उतरले तरी खांदे फारसे अरुंद होत नाहीत. यातून एक निष्कर्ष निघतो, जो फार थोड्यांच्या लक्षात येतो. ज्यांचे पोट सुटलेले असते ते बहुतेक वेळा पोटावर बटणे लागावीत म्हणून मोठ्या मापाचा शर्ट घेतात, आणि त्या शर्टाचा खांदा पहिल्या दिवसापासूनच मोठा असतो. पोटाने शर्ट भरलेला असेपर्यंत तो दोष झाकला जातो. वजन उतरले की खांद्याची शिलाई दंडावर घसरलेली दिसते. याउलट, पूर्वी खांद्यात बरोबर पण पोटावर तंग होणारे जे शर्ट कपाटाच्या तळाशी ढकलले होते, तेच आता सर्वांत चांगले बसतात. म्हणून काहीही आत घेण्याआधी किंवा विकत घेण्याआधी ‘तंग’ म्हणून बाजूला ठेवलेला गठ्ठा सोडून पाहावा. पुष्कळदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

खांदा तपासण्यासाठी शर्टाची सगळी बटणे लावून आरशासमोर हात खाली सोडून उभे राहावे. बाही जिथे जोडलेली असते ती शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर किंवा त्यापुढे अर्ध्या इंचापर्यंत असेल, तर शर्ट दुरुस्तीच्या लायक आहे. शिलाई एक इंच किंवा त्याहून जास्त खाली उतरली असेल, तर तो शर्ट आत घेण्याच्या भानगडीत पडू नये. बाही सोडवून, खांदा कापून, मुंढा म्हणजे बाही बसवायची गोलाई नव्याने आखून बाही पुन्हा बसवणे शक्य असते, पण ते जवळजवळ अर्धा शर्ट नव्याने शिवण्याइतके काम आहे आणि साध्या शर्टासाठी ते परवडत नाही. अशा शर्टाची एक खूण दंडाजवळही दिसते. हात वर केला की पूर्ण शर्ट पोटावरून वर उचलला जातो, कारण मुंढा काखेपासून फार खाली आलेला असतो. बाजूच्या शिलाया कितीही आत घेतल्या तरी ही खोड जात नाही, उलट वाढते.

पँटचे आसन पाहताना पँट जिथे नेसायची त्या उंचीवर हाताने वर धरावी. सैल पँट कंबरेवरून खाली घसरते आणि आसन लोंबलेले आहे असा खोटा भास होतो, त्यामुळे ही काळजी घ्यावी. योग्य उंचीवर धरूनही आसनाचे कापड शरीरापासून दीड इंचाहून जास्त खाली राहत असेल, तर त्या पँटची मूळ काटछाटच आता तुमच्या मापाची राहिलेली नाही. चालताना दोन्ही मांड्यांमध्ये कापड घासल्याचा आवाज येणे आणि पाय जास्त फाकवल्यावर पँट आडवी ताणली जाणे, ही त्याची लक्षणे होत. अशी पँट घरात वापरावी किंवा देऊन टाकावी.

चौथी पायरी: किती आत घ्यायचे आणि कसे

खांदा आणि आसन पार पडलेले कपडेच या पायरीपर्यंत येतात. येथे हिशेबातली एक चूक वारंवार होते. शर्टाच्या प्रत्येक बाजूच्या शिलाईत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात. टीप अर्धा इंच आत सरकवली की एका बाजूला दोन पदरांचा मिळून एक इंच कमी होतो आणि दोन्ही बाजूंचे मिळून दोन इंच. म्हणजे टीप जेवढी आत जाते त्याच्या चौपट घेर घटतो. शर्ट तीन इंच सैल आहे म्हणून दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर टीप मारणारे लोक मी पाहिले आहेत. तो शर्ट सहा इंच कमी होतो आणि मग मुंढ्यापासून कमरेपर्यंत आडव्या चुण्या ओढल्या जातात. तीन इंच कमी करायचे असतील, तर प्रत्येक बाजूला टीप फक्त पाऊण इंच, म्हणजे सहा सूत, आत न्यायची असते. पँटच्या मागच्या मधल्या शिलाईचा हिशेब वेगळा आहे. तिथे शिलाई एकच असल्याने टीप जेवढी आत जाते त्याच्या दुप्पटच माप घटते.

शर्टाच्या बाजूची शिलाई काखेवरून पुढे बाहीच्या खालच्या शिलाईत सलग जाते. आत घेताना कमरेकडून वर येत येत काखेपाशी टीप जुन्या शिलाईला हळूहळू मिळवावी, किंवा छातीवरही कमी करायचे असेल, तर बाहीतही थोडी पुढे नेऊन मिळवावी. काखेतच एकदम थांबवलेल्या टिपेमुळे तिथे कापडाचा गोळा राहतो. एकूण चार इंचांहून जास्त घट बाजूंतून करू नये. केवळ पाठीत झोळ येत असेल, तर बाजूंना हात न लावता पाठीवर दोन उभे टक्स घालावेत. दोन्ही टक्सांत घडीवर अर्धा-अर्धा इंच कापड घेतले की दोन इंच कमी होतात, आणि हे टक्स दहा मिनिटांत उसवताही येतात.

पँटच्या बाबतीत कंबरपट्टीच्या मागच्या मध्यावर शिलाई आहे का, हे आधी पाहावे. फॉर्मल पँटला ती बहुधा असते, आणि आत दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिलाईच्या आतले जादा कापड, सोडलेली असते. जीन्सची कंबरपट्टी मात्र सलग एकाच तुकड्याची असते आणि तिच्या शिलाया दुहेरी दुमडून पक्क्या केलेल्या असतात. तिची कंबर कमी करायची तर पट्टी कापावी लागते, जे पुन्हा उलटवता येत नाही. माप चालू असताना जीन्सला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फॉर्मल पँट आत घेताना मर्यादा ठरते ती मागच्या खिशांमुळे. मधली शिलाई आत घेतली की दोन्ही खिसे एकमेकांच्या जवळ येतात. दोन इंचांपर्यंत ते फारसे कळत नाही. तीन इंच घेतले की खिसे मागे मधोमध दाटीने बसलेले दिसतात आणि पँट कोणाची तरी मागून आणली आहे असे वाटते. कंबरेवर घेतलेले माप खाली आसनाच्या वळणापर्यंत हळूहळू कमी करत न्यावे. फक्त वरचे दोन-तीन इंच आत घेऊन खालचे तसेच सोडले की कंबरपट्टीखाली कापडाची पिशवी तयार होते.

पँटची उंची कधीही कंबर ठरल्यानंतरच ठरवावी. सैल कंबरेमुळे पँट खाली घसरते आणि पाय लांब झाल्यासारखे वाटतात. घाईने खालची दुमड कापली आणि मग कंबर आत घेतली की पँट वर बसते व घोटे दिसू लागतात. मी नियम म्हणून आधी कंबर करते आणि त्यानंतर रोजच्या वापरातले बूट घालायला सांगून उंची मोजते.

माप अजून चालू असेपर्यंत दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली अशी की जादा कापड कापू नये. आत घेतलेली माया आतून सपाट इस्त्री करून दोन-तीन ठिकाणी हातटाक्याने अडकवून ठेवावी. कापड फार जाड असेल आणि आत टोचत असेल, तर ते न कापता ती शिलाई थोडी कमीच आत घ्यावी. दुसरी गोष्ट, टीप लांब टाक्याची असावी. एरवी मशीनवर अडीच मिलिमीटरच्या आसपासचा टाका असतो. तात्पुरत्या कामाला चार मिलिमीटरचा ठेवला तर कपडा वापरात टिकतो आणि उसवताना कापडाला इजा होत नाही. मशीन हाताशी नसेल, तर आधी धावदोरा घालून कपडा तासभर घालून पाहावा, बसून, वाकून, हात वर करून. उभे असताना नेमकी वाटणारी कंबर बसल्यावर घट्ट होते, कारण बसल्यावर पोटाचा घेर वाढतो. बसूनही कंबरपट्टीत दोन बोटे सहज जात असतील, तरच पक्की टीप मारावी.

काही कापडांवर सुईची भोके कायमची राहतात. चामडे, चामड्यासारखी लेप दिलेली कापडे, सॅटिन आणि तलम रेशीम ही त्यातली प्रमुख. खात्री करायची असेल तर कपड्याच्या आतल्या दुमडीतले चार-पाच टाके काढावेत, त्या जागी नखाने हलके घासावे आणि वाफेची इस्त्री फिरवावी. भोके मिटली तर कपडा आत-बाहेर करता येईल. ती तशीच राहिली, तर त्या कपड्यावर प्रयोग न करता माप स्थिरावण्याची वाट पाहावी. रंग उडालेल्या कपड्याची अडचण वेगळी असते: पुन्हा सैल करताना आत दडलेला गडद पट्टा बाहेर दिसतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची कंबर चार महिन्यांत 39 इंचांवरून 36 वर आली होती. पहिल्या दोन महिन्यांत दर महिन्याला एक इंच आणि पुढच्या दोन महिन्यांत अर्धा-अर्धा इंच असा तो वेग होता. छाती 42 वरून 40 झाली होती आणि नितंबांचे माप 42 वरून साडेचाळीस. ते माझ्याकडे वापरातले आठ शर्ट, पाच पँट आणि एक कोट घेऊन आले. सगळे आत घेऊन द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

शर्टांचा खांदा आधी मोजला. त्यांच्या अंगाचा खांदा 18 इंच होता. आठपैकी तीन शर्टांचा खांदा 20 निघाला, म्हणजे दोन्हीकडे एकेक इंच शिलाई उतरलेली. ते तीन मी परत केले आणि आत घेण्यास नकार दिला. त्यांना ते पटले नाही, कारण त्यातला एक त्यांचा आवडता होता. मी त्याच्या बाजूंना टाचण्या लावून तो घालायला दिला. आरशात खांदे तसेच लोंबलेले आणि पोट मात्र आवळलेले दिसल्यावर त्यांनी स्वतःच टाचण्या काढल्या. चार शर्टांचा खांदा 19 होता आणि छाती 48. त्यांना आठ इंच मोकळीक होती, हवी होती पाच. टीप पाऊण इंच आत नेल्यावर छाती 45 झाली. हे चारपैकी दोन शर्टांवरच केले. उरलेले दोन घरी आणि सुट्टीच्या दिवशी तसेच वापरता येण्यासारखे होते, आणि वेग अजून पुरता थांबला नव्हता. आठवा शर्ट होजिअरीचा होता, त्याचा प्रश्नच नव्हता.

मग मी त्यांना ‘तंग’ म्हणून ठेवलेले जुने कपडे आणायला सांगितले. पेटीतून चार शर्ट निघाले. खांदा 18, छाती साडेचव्वेचाळीस. एकाचा रंग विटला होता, उरलेले तीन त्याच क्षणी नीट बसले. म्हणजे तीन शर्ट गेले आणि तीन आले, नवा एकही घ्यावा लागला नाही.

पाच पँटींपैकी तीन फॉर्मल होत्या, एक जीन्स आणि एक मागे इलॅस्टिक असलेली. एका फॉर्मल पँटचे आसन योग्य उंचीवर धरूनही दोन इंच खाली राहत होते, ती बाद झाली. उरलेल्या दोघींची कंबरपट्टी साडेएकोणचाळीस भरली आणि नितंबांचा घेर 45. नेमकी बसवायची तर साडेतीन इंचांपैकी तीन इंच काढायला हवे होते, पण खिशांमुळे मी दोनच काढले. टीप कंबरेवर एक इंच आत घेऊन आसनाच्या वळणापर्यंत अर्ध्या इंचावर आणली. कंबर साडेसदतीस झाली आणि उरलेली मोकळीक पट्ट्यावर सोडली. जीन्स तशीच ठेवली. इलॅस्टिकवाल्या पँटचे अस्तर दोन इंच उसवून इलॅस्टिक बाहेर ओढले, दोन इंच कमी करून पुन्हा जोडले. हे काम कोणालाही घरी जमण्यासारखे आहे. कापलेले टोक मात्र एकावर एक चढवून शिवावे, नुसती गाठ मारू नये, कारण गाठ पाठीला टोचते.

रोजच्या कामासाठी दोनच पँटी पुरत नव्हत्या, म्हणून त्यांनी एक नवी घेतली. ती घेताना पुढे आणखी उतरेल या आशेवर घट्ट घ्यायची नाही, आणि ‘थोडी सैल बरी’ म्हणूनही घ्यायची नाही, एवढेच मी सांगितले. मागच्या मधल्या शिलाईत किमान एक इंच माया आहे, हे दुकानातच पँट उलटी करून पाहायला सांगितले. कोटाला मी हात लावला नाही.

आधी काय बदलावे

काही वस्तू आत घेण्याच्या नसतातच, त्या बदलाव्या लागतात, आणि त्यांचा क्रम पहिला लागतो. अंतर्वस्त्रे सैल झाली की त्यांचे कामच थांबते. ब्राचा पाठीवरचा पट्टा वर सरकत असेल, तर तो मोठा झाला आहे. आधी आतल्या हुकांवर लावून पाहावे, आणि सर्वांत आतल्या रांगेवरही पट्टा वर चढत असेल, तर नवी घ्यावी. नवी घेताना ती सर्वांत बाहेरच्या हुकांवर नीट बसेल अशीच निवडावी, म्हणजे शरीर उतरत जाईल तसे आतल्या रांगांकडे जाता येते. खांद्याच्या पट्ट्या आवळून सैल ब्रा वापरत राहू नये, कारण त्याने सगळा भार खांद्यांवर येतो.

कंबरेच्या पट्ट्याला जास्तीची भोके पाडता येतात, पण दोनहून जास्त भोके पाडावी लागली की टोक कंबरेभोवती फार लांब जाते. बकल काढता येण्यासारखे असेल, तर बकलच्या बाजूने पट्टा कापून बकल पुन्हा बसवावे. तसे केल्याने भोके आणि टोक जागच्या जागी राहतात.

काय राखून ठेवावे आणि माप थांबले हे कसे ओळखावे

उतरलेले माप परत वाढणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे सगळे जुने कपडे एकदम काढून टाकणे मला योग्य वाटत नाही. पण सगळे ठेवणेही नको. आताच्या मापापेक्षा फक्त एक माप मोठे असे थोडे कपडे राखावेत: दोन पँट, दोन-तीन शर्ट, शक्यतो भरपूर माया असलेले. त्याहून मोठे असलेले कपडे द्यावेत. ठेवताना धुऊन पूर्ण वाळवून ठेवावेत, कारण घामाचे न दिसणारे डाग महिनोन्महिने राहिले की पिवळे पडतात. आत एक चिठ्ठी टाचून तिच्यावर लेबलचा आकडा न लिहिता टेपने मोजलेली कंबर किंवा छाती लिहावी, म्हणजे पुढे प्रत्येक कपडा घालून पाहावा लागत नाही.

कंबरेच्या पंधरवड्याच्या नोंदींत सलग तीन महिने अर्ध्या इंचापेक्षा जास्त चढउतार नसेल, तर माप थांबले असे मी धरते. पक्की शिलाई, महागडे काम आणि न उलटवता येणारी कापाकाप, सगळे या दिवसापर्यंत राखून ठेवावे. पक्के काम करतानाही प्रत्येक बाजूला इंचभर माया ठेवूनच कापड कापावे.

त्या गृहस्थांची कंबर आणखी दोन महिन्यांत 35 वर आली आणि तिथेच राहिली. तीन महिने नोंदी पाहिल्यावर आम्ही पुन्हा बसलो. आत घेतलेल्या दोन पँट आता अडीच इंच सैल होत्या आणि खिशांमुळे आणखी आत घेता येण्यासारख्या नव्हत्या. त्यांच्या जागी त्यांनी नव्या घेतल्या. जुन्या दोघींपैकी जिचे कापड चांगले होते, तिची लांब टाक्याची टीप मी उसवली, जुन्या घडीवर वाफेची इस्त्री फिरवली आणि पँट पूर्ववत साडेएकोणचाळीसची झाली. एक माप मोठी राखण्याच्या नियमात ती बसत नव्हती, म्हणून ती त्यांनी आपल्या मोठ्या भावाला दिली. जीन्सची कंबरपट्टी तेव्हा कापली. कोटाचा खांदा पहिल्यापासून बरोबर होता, म्हणून त्याच्या बाजूच्या शिलायांतून दोन इंच कमी केले, अस्तरही तेवढेच आत घेतले, आणि आतली माया न कापता तशीच दुमडून ठेवली.